नुसता ‘नमस्कार’ टाकणारी माणसं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात रविवारी दुपारी तीन ते पाच मी बसते. फोनवर ज्यांचं काही अडलेलं असतं ते येतात. कुणाला बँकेचा मेसेज कळत नसतो, कुणाला गॅस नोंदवायचा असतो, कुणाला नातवाचा फोटो मोठा करून बघायचा असतो. गेल्या दोनेक वर्षांत त्यात एका कामाची भर पडली. पुण्या-मुंबईतल्या मुलांनी आईवडिलांच्या फोनवर एआयचं एखादं साधन घालून दिलेलं असतं, “काहीही विचारा, सांगतं ते” असं म्हणून ती परत गेलेली असतात, आणि आईवडील ते साधन घेऊन माझ्यासमोर बसतात.

तिथे एक गोष्ट मी इतक्यांदा पाहिली की आता तिची वाटच बघते. लिहायची रिकामी चौकट उघडते. बोट हवेत थांबतं. मग सावकाश एकच शब्द उमटतो, ‘नमस्कार’. उत्तर येतं. माणूस ते चष्मा सारखा करून दोनदा वाचतो आणि फोन पालथा ठेवतो. पुढचा प्रश्न नाही. “झालं?” असं विचारलं तर म्हणतात, “हो, बघितलं.”

तरुणांना याचा कंटाळा येतो. अहो, काय हवंय ते लिहा ना, नमस्काराने काय होणार, असं ते म्हणतात. ऑफिसांतही हल्ली शिकवतात की नुसतं ‘हाय’ पाठवून समोरच्याला ताटकळत ठेवू नये, कामाचं एकदम लिहावं. माणसामाणसांत ते बरोबरही असेल. पण नव्या साधनाला नुसता नमस्कार घालणाऱ्याला अडाणी समजणं किंवा त्या संदेशाला रिकामा म्हणणं मला चुकीचं वाटतं. तो संदेश म्हणजे खडा टाकून पाहणं आहे. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकणाऱ्याला खड्याशी देणंघेणं नसतं, तो कान देऊन बसलेला असतो.

खडा म्हणून नमस्कारच का? कारण तो चुकत नाही. प्रश्न विचारला की माणूस उघडा पडतो. शुद्धलेखन कळतं, अज्ञान कळतं, कधी आजार कळतो, कधी घरातलं भांडण कळतं. नमस्कारातून यातलं काही कळत नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीशी आपण हेच करत आलो आहोत. कागद पिशवीतच ठेवायचे, आधी “नमस्कार साहेब” म्हणायचं आणि बघायचं की आतला माणूस डोकं वर करतो का. तो वर न बघता “हं, बोला” म्हणाला तर कागद कसे मांडायचे हे त्यावरून ठरतं. कधी कधी आज नकोच, खिडकीवर दुसरा माणूस असेल तेव्हा येऊ, असंही ठरतं. ज्यांनी आयुष्यभर अशा खिडक्यांपुढे रांगा लावल्या, त्यांनी नव्या खिडकीपुढे वेगळं का वागावं?

टेलिफोन आला तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, पलीकडे कोणी आहे का? १८७७ साली थॉमस एडिसनने पिट्सबर्गच्या एका परिचिताला पत्र लिहून सुचवलं की पलीकडच्याला बोलावायला घंटेची गरज पडणार नाही, ‘हॅलो’ म्हटलेलं दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला मात्र खलाशांची ‘अहॉय’ ही हाक पसंत होती. म्हणजे हॅलो हा शब्द फोनवर आला तो पलीकडे कोणी आहे का हे तपासायला, विचारपूस करायला नव्हे. रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने १९६० साली भाषेची कामं मोजली, त्यांत या कामाला वेगळी जागा दिली. आपल्यातली वाट उघडी आहे ना, एवढंच पाहणारं बोलणं. गणपतीच्या मांडवात “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” म्हणणारा पोऱ्या तेच करत असतो, आणि त्याला कोणी म्हणत नाही की भाषणच सुरू कर.

आपल्याकडे या सवयीला अलीकडचं एक कारणही आहे, आणि ते विसरून चालणार नाही. २०२०च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने कोरोनाच्या माहितीसाठी व्हॉट्सॲपवर एक नंबर सुरू केला. २०२२ साली त्याच नंबरवर डिजिलॉकरमधले कागद मिळू लागले, आणि सुरुवात कशी करायची, तर ‘नमस्ते’ किंवा `Hi` लिहून पाठवा. बँका, विमा, वीज, मेट्रोचं तिकीट, सगळीकडे हीच सूचना छापलेली. म्हणजे आपल्या माणसांना गेली काही वर्षं पद्धतशीर शिकवलं गेलं की यंत्राशी बोलणं नमस्काराने सुरू होतं, आणि नमस्कार घातला की यंत्रच पुढचं सांगतं. आता त्याच माणसांनी नव्या साधनाला नमस्कार घातला की आपण हसायचं, हा न्याय नव्हे.

पण सवय एवढंच ते नाही. सवय असती तर उत्तर आल्यावर माणूस पुढे गेला असता. तो थांबतो, कारण त्याला जे पाहायचं होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

सगळ्यात आधी पाहिली जाते भाषा. आमच्याकडे येणाऱ्या एका शेतकरी आजोबांनी बोटाने एकेक अक्षर शोधत देवनागरीत ‘नमस्कार’ लिहिलं. जोडाक्षर जमायला त्यांना तीन प्रयत्न लागले. उत्तर आलं हिंदीत. भाषा उत्तम, नम्र, पण हिंदी. आजोबांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “हे बँकेसारखंच आहे की.” त्यांच्या बँकेत नवे आलेले अधिकारी हिंदीत बोलतात आणि आजोबा तिथे मुलाला घेतल्याशिवाय जात नाहीत.

हे असं का होतं ते सांगते, कारण त्यात साधनाची थोडी बाजू आहे. ‘नमस्कार’ हा शब्द मराठीत, हिंदीत, कोकणीत, नेपाळीत देवनागरीत जसाच्या तसा लिहिला जातो. भाषा ओळखायला यंत्राला खुणा लागतात. मराठीची खूण म्हणजे ‘आहे’, ‘काय’, ‘माझं’ असले रोजचे छोटे शब्द, किंवा ‘ळ’ हे अक्षर, जे प्रमाण हिंदीत येत नाही. एकट्या नमस्कारात यातलं काहीच नसतं. देवनागरी दिसली की अंदाज जास्त बोलणाऱ्यांच्या भाषेकडे झुकतो. तोच खडा ‘नमस्कार, कसं काय?’ असा टाकला तर उत्तर बहुतेक वेळा मराठीत येतं. आजोबांना मी पुढच्या रविवारी हे करून दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली, पण “म्हणजे आपण सांगायचं आपण कोण ते” असं म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. ज्या फोनची भाषा मराठी ठेवलेली आहे, ज्या सेवेची जाहिरात मराठीत आहे, तिथे एका शब्दावरून हिंदीत जाणं ही यंत्राची मजबुरी नसते. कोणीतरी मूळ भाषा ठरवताना ते तसं ठेवलेलं असतं.

मराठीत उत्तर आलं तरी परीक्षा संपत नाही. आपल्या भाषेत ‘मी करू शकतो’ म्हटलं की पुरुष आणि ‘मी करू शकते’ म्हटलं की बाई. इंग्रजीत यंत्राला हे ठरवावं लागत नाही, मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. ‘तुम्ही कसे आहात’ की ‘कशा आहात’ यात तर समोरच्याचंही ठरवावं लागतं. एका बाईंना ‘कसे आहात’ असं आलं आणि त्यांनी लगेच ओळखलं की याने आपल्याला पुरुष धरलं. त्या रागावल्या नाहीत, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं. वास्तविक मराठीत यातून सुटायची सोपी वाट आहे. ‘काय मदत करू?’ यात बोलणाराही बाई-पुरुष राहत नाही आणि ऐकणाराही. मराठीत विचार करणाऱ्या कोणी ते पहिलं वाक्य तपासलं असतं तर हेच सुचलं असतं.

तसंच ‘तू, तुम्ही, आपण’चं. पहिल्या ओळीत ‘आपले स्वागत आहे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘तुझा प्रश्न लिही’ असं आलं की सत्तरीतल्या माणसाला ते खटकतंच. त्याला व्याकरण सांगता येणार नाही, पण हे इंग्रजीतून उतरलेलं आहे आणि कोणी वाचून पाहिलेलं नाही, एवढं त्याला नक्की कळतं. ज्याने पहिल्या दोन ओळी वाचून पाहिल्या नाहीत, त्याने पुढचं काय वाचलं असेल?

आणि प्रत्येकाचा नमस्कार ‘नमस्कार’च नसतो. आपल्याकडे राम राम आहे, जय भीम आहे, रामकृष्ण हरी आहे, सलाम आहे, जय जिनेंद्र आहे, महानुभावांचं दंडवत आहे. हे शब्द नुसते अभिवादनाचे नाहीत, त्यांत माणूस आपण कोण ते सांगत असतो आणि समोरचा ते कसं घेतो हे पाहत असतो. गावात जय भीमला जय भीम येतो, की नमस्कार येतो, की नुसती मान हलते, यावरून पुढचं बोलणं ठरतं हे ज्याने भोगलं आहे त्याला सांगायला नको. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने दोन वेगवेगळ्या साधनांवर ‘जय भीम’ लिहिलं. एकाने तेच अभिवादन परत केलं आणि काय हवं ते विचारलं. दुसऱ्याने डॉ. आंबेडकरांचं जन्मसाल, घटनासमितीतलं काम वगैरे मोठा परिच्छेद दिला. त्या म्हणाल्या, “मी माहिती विचारली नव्हती. मला हा शब्द नवा आहे असं वाटलं का त्याला?” परिच्छेदात चूक काही नव्हती. पण त्या साधनाला ते अभिवादन आहे हे कळलं नव्हतं, आणि हे त्यांना दोन शब्दांत कळलं. याहून स्वस्त आणि अचूक तपासणी कोणती असते?

हे इतकं कळतं याचं कारण त्या एका शब्दात कामच नसतं. प्रश्न विचारला तर उत्तराचा आकार प्रश्नावरून ठरतो. नुसत्या नमस्काराला यंत्राकडे धरायला काही नसतं. मग जे परत येतं ते बरंचसं साधन बनवणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेलं असतं. कोणती भाषा, किती लांबी, किती सलगी, आधी काय विचारायचं. वापरणाऱ्याला न दिसणाऱ्या सूचना या साधनांना दिलेल्या असतात, आणि नमस्काराच्या उत्तरात त्या जितक्या उघड्या दिसतात तितक्या नंतर कुठेच दिसत नाहीत. घरमालक घरात नसताना त्याने ओटीवर काय मांडून ठेवलंय ते पाहण्यासारखं आहे हे.

दुसरी शंका, जी कोणी मोठ्याने बोलत नाही, ती म्हणजे याला माझ्याबद्दल काय माहीत आहे. व्हॉट्सॲपवरच्या एका सेवेला एका काकूंनी `Hi` पाठवलं आणि उत्तरात त्यांचं नाव आलं. त्या दचकल्या. “मी तर नाव सांगितलंच नाही!” यात जादू नाही. व्हॉट्सॲपवर कोणत्याही व्यावसायिक नंबराला तुम्ही एक शब्द पाठवला की तुमचा मोबाइल नंबर आणि तुम्ही प्रोफाइलला दिलेलं नाव त्यांच्याकडे पोचतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तुमचा संदेश गेला की त्या संस्थेला तुम्हाला मोकळेपणी लिहायला २४ तास मिळतात, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले मजकूरच पाठवता येतात. दर नव्या संदेशाने ते २४ तास पुन्हा सुरू होतात. म्हणजे ‘फक्त `Hi` पाठवा’ या सूचनेमागे तुमची सोय आहे तशी त्यांचीही आहे. काकूंना वाटलं होतं की आपण फक्त दारावर टकटक केली. प्रत्यक्षात दार त्यांच्या बाजूनेही उघडलं होतं. त्यांना नाव दिसून त्या दचकल्या ते बरंच झालं. नाव न दाखवणाऱ्या सेवेकडेही तेवढंच गेलेलं असतं.

इथवर मी नमस्कार घालणाऱ्यांची बाजू घेतली. आता त्या परीक्षेत जे तपासलं जात नाही, त्याकडे येते, कारण माझी काळजी तिथे आहे.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण शीत त्याच भांड्यातलं असतं. नमस्काराचं उत्तर नेहमी त्याच भांड्यातलं असतं असं नाही. जुन्या धाटणीच्या सेवांत ते उत्तर कोणी एकदाच लिहून ठेवलेलं असतं, आत काय शिजलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. एआयच्या साधनांत ते उत्तर त्याच यंत्रातून निघतं खरं (म्हणून तर तोच नमस्कार दोनदा घातला तर शब्द थोडे बदलतात), पण त्यावरून फक्त भाषा शिजलीय का ते कळतं, माहिती नव्हे. ही साधनं पुढचा शब्द कोणता येण्यासारखा आहे याच्या अंदाजाने वाक्य जुळवतात. स्वागताची, नम्रतेची वाक्यं त्यांनी अमाप वाचलेली असतात, त्यामुळे ती सहसा चुकत नाहीत. एखाद्या सरकारी नियमातला अपवाद त्यांनी क्वचित वाचलेला असतो, आणि चूक तिथे होते. आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच.

हे मी एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून शिकले. वय ८३, केंद्र सरकारचं पेन्शन. पहिल्या रविवारी त्यांनी नमस्कार घातला, अस्खलित मराठीत, ‘आपण’ म्हणून उत्तर आलं, आणि ते खूष झाले. मला वाटलं आता ते भरभरून विचारतील. पुढच्या रविवारी ते एकच प्रश्न घेऊन आले. केंद्राचा ८३ वर्षांचा पेन्शनर आहे, हयातीचा दाखला कोणत्या महिन्यापासून देता येतो? उत्तर तितक्याच गोड भाषेत आलं. दाखला नोव्हेंबरात द्यायचा, १ ते ३० तारखेच्या आत. बाकीच्या पेन्शनरांसाठी ते बरोबर आहे. पण ऐंशी किंवा त्याहून जास्त वय असलेल्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, रांगेत त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून. काका तीन वर्षं तसाच देत आलेले. उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तो प्रश्न निवडला होता.

“वय लिहिलं होतं मी,” ते म्हणाले, “तरी त्याने वय वाचलं नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती. खिडकीवरचा माणूस बोलायला चांगला आहे पण नियम कच्चा आहे, असं नोकरीत शंभर वेळा पाहिलेल्या माणसाचा तो चेहरा होता. त्यांनी साधन टाकून दिलं नाही. आता ते त्यावर पत्राचे मसुदे करून घेतात, तारखा मात्र पोस्टातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारतात.

सगळेच असे सावध नसतात. नमस्कार नीट परत आला, भाषा घरची निघाली, मान ठेवून बोललं, की बऱ्याच जणांचा विश्वास एका दमात बसतो, आणि मग औषधाचा डोसही तिथेच विचारला जातो. फोनवरून पैसे लुबाडणारे लोकही पहिलं वाक्य फार नम्रच बोलतात. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्यांना मी आता सांगते, की नमस्कार घाला, जरूर घाला, वाटलं तर आठवडाभर दुसरं काही लिहू नका. पण नंतरचा पहिला प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यात एखादी खाच असू द्या. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो यापेक्षा तुमच्या कामातला एखादा अपवाद चांगला. पिकातला, हिशेबातला, पेन्शनमधला, शिवणातला, काहीही.

साधनं चालवणाऱ्यांकडून, विशेषतः सरकारी आणि बँकांच्या सेवांकडून, माझं मागणं फार नाही. नमस्काराला नमस्कार द्या, त्याच भाषेत आणि तोच शब्द. तुम्ही यंत्र आहात, कोणाचं आहात, कोणत्या दोन-तीन कामांना उपयोगी आहात आणि कुठल्या कामासाठी माणसाला फोन करावा, हे तीन-चार ओळींत सांगा, आणि तो फोन नंबर तिथेच द्या. नऊ पर्यायांची यादी पहिल्याच उत्तरात नको. आधार क्रमांक आणि जन्मतारीख तर नकोच नको, समोरच्याने अजून काही मागितलेलंही नसतं. सेवा सुरू करण्याआधी मराठी माणसाने बसून राम राम, जय भीम, सलाम, रामकृष्ण हरी हे सगळं देवनागरीत आणि रोमन अक्षरांत लिहून पाहावं. एका दुपारचं काम आहे. आणि नमस्कार घालून निघून गेलेल्यांची नोंद ‘काही न विचारता गेले’ अशी करू नये. त्यांनी विचारलं होतं.

हिंदीत उत्तर आलेले आजोबा अजून येतात. परवा मुलीने त्यांना दुसरं साधन घालून दिलं. त्यांनी या वेळी ‘राम राम’ लिहिलं, उत्तर वाचलं, फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, “पुढच्या रविवारी कांद्याचं विचारू. मला माहीत आहे ते.”